राजपत्रातील अधिसूचना कशी वाचावी : 'ज्याअर्थी'पासून स्वाक्षरीपर्यंत

एखाद्या बांधकाम प्रकल्पाची फाईल प्रथमच हाती आलेल्या व्यक्तीला बहुधा एवढेच सांगितले जाते की, "या कामाला पर्यावरण मंजुरी लागते, अधिसूचनेत तसे आहे." सोबत अनुसूचीच्या एका पानाची छायाप्रत दिली जाते. त्या पानावरून काय बंधनकारक आहे ते कळते. ते कोणत्या अधिकाराने बंधनकारक झाले, हे मात्र कळत नाही. तो अधिकार तपासायचा असेल तर अधिसूचना पहिल्या पानावरील शीर्षभागापासून शेवटच्या पानावरील टीपेपर्यंत क्रमाने वाचावी लागते. हा क्रम केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेवर प्रत्यक्ष लावून दाखवतो. या एकाच दस्तऐवजात अधिकारदायी कलम, प्रास्ताविक, अनुसूची आणि स्वाक्षरी हे चारही घटक स्पष्टपणे वेगळे दिसतात, आणि तिच्या एका दुरुस्तीचा काही भाग प्रास्ताविकातील उणिवेमुळे सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, म्हणून ही निवड केली आहे. आपल्यापुढे २२,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्राचा प्रकल्प आहे असे समजू.

पहिली पायरी : ही खरोखर राजपत्रातील प्रत आहे का

सर्वप्रथम शीर्षभाग पाहावा. भारताच्या राजपत्रात भाग, खंड आणि उपखंड छापलेले असतात. आपली अधिसूचना असाधारण राजपत्राच्या भाग २, खंड ३, उपखंड (ii) मध्ये आहे आणि तिचा क्रमांक एस.ओ. १५३३ (ई) असा आहे. हिंदी पाठात हाच क्रमांक 'का.आ. १५३३(अ)' असा दिसतो, त्यामुळे नवख्या वाचकाला या दोन वेगळ्या अधिसूचना वाटू शकतात. सर्वसाधारण स्वरूपाचे वैधानिक नियम उपखंड (i) मध्ये 'जी.एस.आर.' क्रमांकाने येतात, तर वैधानिक आदेश व अधिसूचना उपखंड (ii) मध्ये 'एस.ओ.' क्रमांकाने येतात. म्हणजे हाती नियम आहेत की एखाद्या कलमाखालील आदेश आहे, याचा पहिला अंदाज क्रमांकावरूनच बांधता येतो.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी येथे आणखी एक फरक लक्षात ठेवावा. शासन निर्णयावर विभागाचे नाव, संगणक संकेतांक आणि राज्यपालांच्या नावाने केलेली स्वाक्षरी असते, त्यामुळे तो दिसायला अधिसूचनेसारखाच भारदस्त वाटतो. परंतु जेथे अधिनियमाने 'राजपत्रातील अधिसूचनेद्वारे' असे शब्द वापरले आहेत, तेथे शासन निर्णय काढून ती अट पुरी होत नाही.

तारखाही दोन असतात. एक तारीख अधिसूचनेच्या मजकुरावर असते आणि दुसरी राजपत्राच्या प्रसिद्धीची असते. त्या वेगवेगळ्या असतील, तर अधिसूचनेत अंमलाचा दुसरा दिवस दिलेला नसल्यास सामान्यतः प्रसिद्धी निर्णायक ठरते. इलेक्ट्रॉनिक राजपत्रात तर घटका-मिनिटांनाही महत्त्व आले आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावणारी अधिसूचना रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी राजपत्राच्या संकेतस्थळावर चढवली गेली. त्याच दिवशी त्या वेळेआधी ज्यांनी माल सोडवण्याची कागदपत्रे सादर केली होती, त्यांना वाढीव शुल्क लावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. म्हणून egazette.gov.in वरून घेतलेली मूळ प्रतच जपून ठेवावी. अग्रेषित होत आलेल्या चित्रावर विसंबू नये.

दुसरी पायरी : अधिकारदायी कलम शोधून मूळ अधिनियमाशी ताडून पाहणे

अधिसूचनेचा प्राण एका वाक्यात असतो. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते वाक्य साधारणपणे "… अधिनियमाच्या कलम … द्वारे प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून, महाराष्ट्र शासन, याद्वारे, …" अशा घडणीचे असते. आपल्या अधिसूचनेतील वाक्याचा आशय असा आहे : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ३ चे पोटकलम (१) आणि पोटकलम (२) चा खंड (v), सहवाचन पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या नियम ५ च्या पोटनियम (३) चा खंड (घ), यांद्वारे मिळालेल्या अधिकारांचा वापर करून आणि २७ जानेवारी १९९४ ची एस.ओ. ६० (ई) ही अधिसूचना अधिक्रमित करून, केंद्र सरकार असे निदेश देत आहे की पूर्व पर्यावरण मंजुरीशिवाय अनुसूचीतील प्रकल्प सुरू करू नयेत.

हे वाक्य वाचून पुढे जाण्याची घाई करू नये. त्यातील प्रत्येक उल्लेख कागदावर वेगळा लिहून घ्यावा आणि मूळ अधिनियम उघडून तीन प्रश्न विचारावेत. हा अधिकार कोणाला दिला आहे? कशासाठी दिला आहे? तो वापरण्यापूर्वी काय करणे आवश्यक आहे?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. कलम ३ हा अधिकार केंद्र सरकारला देते आणि अधिसूचनाही केंद्र सरकारच काढत आहे. दुसऱ्यासाठी दोन तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात. पोटकलम (१) पर्यावरणाच्या संरक्षणासाठी आवश्यक वाटतील त्या उपाययोजना करण्याचा विस्तृत अधिकार देते, आणि पोटकलम (२) चा खंड (v) त्यांपैकी एक उपाय नेमका सांगतो : कोणत्या क्षेत्रांत उद्योग, कार्ये किंवा प्रक्रिया चालवता येणार नाहीत, अथवा विशिष्ट सुरक्षा-उपायांच्या अधीन राहूनच चालवता येतील, हे ठरवणे. 'आधी मंजुरी घ्या, मगच बांधा' हे बंधन या खंडात बसते. अधिसूचनेतील निदेश आणि कलमाची भाषा यांचा असा सांधा प्रत्येक वेळी जुळवून पाहावा. कलम केवळ 'शुल्क ठरवण्याचा' अधिकार देत असेल आणि अधिसूचना परवाना रद्द करण्याची तरतूद करत असेल, तर तो सांधा जुळत नाही, आणि तेथे शंकेची खूण करावी.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'सहवाचन' या शब्दामागे दडलेले असते. येथे नियम ५ चा उल्लेख उगाच आलेला नाही. त्या नियमाचा पोटनियम (३) सांगतो की असे निर्बंध घालण्यापूर्वी सरकारने आपला इरादा राजपत्रात प्रसिद्ध करावा, लोकांना हरकती नोंदवण्यासाठी साठ दिवस द्यावेत आणि त्या हरकतींचा विचार करून मगच निर्णय घ्यावा. अंतिम निर्णयालाही नियमाने मुदत घातली आहे. ती नंतरच्या दुरुस्त्यांनी बदललेली असल्याने अधिसूचनेच्या तारखेला नियम कसा होता, तोच पाठ पाहावा.

चुकीच्या कलमाचा उल्लेख आढळला म्हणजे अधिसूचना कोसळली, असे नवखे वाचक धरून चालतात. तसे होत नाही. अधिकार दुसऱ्या एखाद्या कलमात खरोखर अस्तित्वात असेल आणि त्या कलमाच्या अटी पाळलेल्या असतील, तर केवळ चुकीच्या उल्लेखामुळे कृती अवैध ठरत नाही, ही न्यायालयांची स्थिर भूमिका आहे. "आणि यासंबंधात समर्थ करणाऱ्या इतर सर्व अधिकारांचा वापर करून" हे राजपत्रात वारंवार भेटणारे शब्दही याच हेतूने घातलेले असतात. मात्र ते शब्द नसलेला अधिकार निर्माण करू शकत नाहीत. त्यांच्यावर भिस्त ठेवलेली दिसली की मी मूळ अधिनियम अधिकच बारकाईने वाचतो.

तिसरी पायरी : 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांमधील मजकूर

प्रास्ताविक हा शोभेचा भाग समजून अनेक जण सरळ 'त्याअर्थी'वर उडी मारतात. माझ्या मते तपासणीचे खरे काम येथेच असते, कारण अधिकार वापरण्यापूर्वीच्या अटी पाळल्या की नाही, याचे सरकारने स्वतः दिलेले निवेदन 'ज्याअर्थी'च्या परिच्छेदांतच असते.

२००६ च्या अधिसूचनेत अशी तीन विधाने आहेत. पहिले विधान असे की अधिसूचनेचा मसुदा एस.ओ. १३२४ (ई) या क्रमांकाने १५ सप्टेंबर २००५ रोजी असाधारण राजपत्रात प्रसिद्ध करून, प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून साठ दिवसांत हरकती व सूचना मागवल्या होत्या. दुसरे असे की त्या प्रती १५ सप्टेंबर २००५ रोजीच उपलब्ध झाल्या. तिसरे असे की आलेल्या हरकती व सूचनांचा रीतसर विचार करण्यात आला. आता ही विधाने नियम ५ (३) च्या शेजारी ठेवावीत : इरादा प्रसिद्ध केला, साठ दिवस दिले, विचार केला. प्रत्येक अटीला एक विधान जुळते. तारखांचे गणितही करून पाहावे. साठ दिवस नोव्हेंबर २००५ च्या मध्यास संपतात आणि अंतिम अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची, म्हणजे मसुद्यानंतर ३६४ दिवसांनी आलेली आहे. हरकतींची मुदत संपण्यापूर्वीच अंतिम अधिसूचना निघाली, असे येथे झालेले नाही. मसुद्याचा क्रमांक दिलेला असल्याने तोही राजपत्रातून काढून, अंतिम मजकुरात मसुद्यात अजिबात नसलेली एखादी मोठी गोष्ट आली आहे का, हे पाहता येते.

हीच फूटपट्टी २८ मार्च २०२० च्या दुरुस्तीला, म्हणजे एस.ओ. १२२४ (ई) ला लावून पाहू. या दुरुस्तीने मंजुरीतून सूट मिळालेल्या बाबींचे एक परिशिष्ट बदलले आणि त्याच्या ६ व्या बाबीत रस्ते, पाइपलाइन यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढण्याला पूर्व मंजुरीतून सूट दिली. प्रास्ताविकात मसुद्याचा क्रमांक शोधू लागलो तर तो सापडत नाही. त्याच्या जागी नियम ५ च्या पोटनियम (४) चा आधार घेऊन, सार्वजनिक हितास्तव नोटिशीची आवश्यकता वगळली आहे, असे म्हटलेले दिसते. पोटनियम (४) तसा अधिकार देतो, म्हणून केवळ मसुदा नाही एवढ्यावर दोष काढता येत नाही. पण त्या अधिकाराचीही एक अट आहे : नोटीस वगळणे सार्वजनिक हिताचे असले पाहिजे. साहजिकच पुढचा प्रश्न पडतो की ते हित कोणते, आणि हे अधिसूचनेत कोठे सांगितले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी नोबल एम. पैकाडा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हाच प्रश्न विचारला. नोटीस वगळण्यामागचे सार्वजनिक हित कोणते, हे अधिसूचनेतून दिसत नव्हते. देशभर टाळेबंदी लागू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते आणि रस्त्यांची कामेच थांबलेली असताना एवढी निकड कशाची, हेही स्पष्ट होत नव्हते. शिवाय 'रेषीय प्रकल्प' म्हणजे काय याची व्याख्या नव्हती, आणि किती माती काढता येईल याला मर्यादाही घातलेली नव्हती. न्यायालयाने ६ वी बाब मनमानी ठरवून रद्द केली. २०२३ मध्ये त्या बाबीला काही सुरक्षा-उपायांची जोड देण्यात आली होती. त्या जोडीनेही ती बाब टिकली नाही. अधिसूचनेचा उरलेला भाग या निर्णयाने रद्द झाला नाही, हेही नोंदवून ठेवावे.

दुरुस्तीलाही मूळ अधिसूचनेचीच पद्धत का लागते, याचे उत्तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८९७ च्या अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. अधिसूचना काढण्याच्या अधिकारातच तिच्यात भर घालण्याचा, तिच्यात बदल करण्याचा किंवा ती रद्द करण्याचा अधिकार येतो, पण तो त्याच रीतीने आणि त्याच अटींच्या अधीन राहून वापरायचा असतो. म्हणून दुरुस्ती कितीही छोटी असली तरी तिचे 'ज्याअर्थी' मूळ अधिसूचनेइतक्याच काळजीने वाचावे.

चौथी पायरी : अनुसूची परिच्छेदाशी जोडून वाचणे

आता त्या छायाप्रतीकडे वळू. अनुसूचीत ८ (क) ही बाब इमारती व बांधकाम प्रकल्पांची आहे, आणि मूळ पाठानुसार तिची व्याप्ती २०,००० चौरस मीटर किंवा अधिक, परंतु १,५०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधीव क्षेत्र अशी आहे. आपला २२,००० चौरस मीटरचा प्रकल्प त्यात येतो. पण आकडा कोणत्या स्तंभात आहे, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. 'अ' प्रवर्गाचा स्तंभ या बाबीसमोर रिकामा आहे. आकडा 'ब' प्रवर्गाच्या स्तंभात आहे. या स्तंभांना अर्थ अनुसूची देत नाही, तो अधिसूचनेचा परिच्छेद २ देतो : 'अ' प्रवर्गाला केंद्रीय मंत्रालयाची मंजुरी लागते, 'ब' प्रवर्गाला राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची. केवळ अनुसूचीचे पान हाती असलेल्या माणसाला अर्ज कोठे करायचा, हेच कळणार नाही.

स्तंभाखालील बारीक अक्षरांतील खुणाही सोडू नयेत. बांधीव क्षेत्रासमोर मूळ पाठात एक खूण आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात आच्छादित बांधकाम व उघड्यावरील सुविधा यांचे क्षेत्र कसे मोजायचे ते दिले आहे. प्रकल्प १९,५०० चौरस मीटरचा दाखवला जातो, तेव्हा बहुधा मतभेद याच मोजणीवर असतो. अनुसूची परिच्छेदाची सेवक आहे. परिच्छेदात नसलेले बंधन ती स्वतःहून घालू शकत नाही, आणि परिच्छेद अधिकारदायी कलमाबाहेर जाऊ शकत नाही. वाचनाची दिशा नेहमी कलमापासून परिच्छेदाकडे आणि परिच्छेदापासून अनुसूचीकडे ठेवावी.

पाचवी पायरी : स्वाक्षरी कोणाची, अधिकार कोणाचा

अधिसूचनेच्या शेवटी फाईल क्रमांक, नाव आणि पदनाम असते. २००६ च्या अधिसूचनेखाली संयुक्त सचिवांचे नाव आहे. कलम ३ 'केंद्र सरकार' म्हणते, मग संयुक्त सचिवाला हा अधिकार कोठून आला, असा प्रश्न नवख्याला पडणे रास्त आहे. उत्तर असे की अधिकार सरकारने वापरला आहे. अधिकाऱ्याने तो आदेश केवळ प्रमाणित केला आहे. केंद्राच्या बाबतीत संविधानाच्या अनुच्छेद ७७ नुसार आणि राज्याच्या बाबतीत अनुच्छेद १६६ नुसार हे प्रमाणन होते, आणि कोणत्या दर्जाचा अधिकारी ते करू शकतो हे त्याखालील नियमांत ठरलेले असते. "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" या ओळीखाली उपसचिवाची किंवा अवर सचिवाची सही असते, ती याच पद्धतीने. ही ओळ राहून गेली तरी निर्णय प्रत्यक्षात सरकारने घेतल्याचे अन्य पुराव्याने दाखवता येते, म्हणून एवढ्यावरच अधिसूचना मोडीत काढू नये.

परिस्थिती बदलते ती अधिनियमाने एखाद्या विशिष्ट अधिकाऱ्याचे किंवा प्राधिकरणाचे नाव घेतलेले असते तेव्हा. कलमात 'जिल्हाधिकारी' असेल तर निर्णय जिल्हाधिकाऱ्याचाच हवा. वरिष्ठाने सही केली म्हणून तो अधिक वैध होत नाही. आणि सरकारचा अधिकार खालच्या अधिकाऱ्याने वापरला असेल तर तो सोपवणारी स्वतंत्र अधिसूचना मागावी. आपल्या अधिनियमात अशा प्रत्यायोजनाची तरतूद कलम २३ मध्ये आहे, पण त्यातून दोन अधिकार वगळले आहेत : कलम ३ (३) खाली प्राधिकरण स्थापण्याचा आणि कलम २५ खाली नियम करण्याचा. म्हणून राज्यस्तरीय प्राधिकरणाच्या स्थापनेची अधिसूचना केंद्र सरकारचीच असायला हवी, हे आपण ती पाहण्याआधीच सांगू शकतो.

शेवटची पायरी : टीप आणि त्यानंतरचे

दुरुस्ती अधिसूचनेच्या तळाशी सहसा एक टीप असते. मूळ अधिसूचना कोणत्या क्रमांकाने व तारखेने प्रसिद्ध झाली आणि तिच्यात आधी कोणकोणत्या दुरुस्त्या झाल्या, हे त्या टीपेत असते. हाती आलेल्या सर्वांत नव्या दुरुस्तीच्या टीपेपासून सुरुवात करून मागे जावे आणि प्रत्येक दुरुस्तीचा परिणाम मूळ प्रतीवर पेन्सिलीने नोंदवावा. बांधीव क्षेत्राच्या स्पष्टीकरणात २०११ मध्ये बदल झालेला आहे, त्यामुळे आपल्या २२,००० चौरस मीटरची मोजणी प्रकल्पाच्या तारखेला लागू असलेल्या पाठानुसारच करावी लागेल.

मी सुरुवातीच्या काळात एकदा बाजारात मिळणाऱ्या संकलित प्रतीवरून टिपण तयार केले होते. त्या प्रतीत मधली एक दुरुस्ती समाविष्टच नव्हती, आणि ती चूक माझ्या वरिष्ठांनी केवळ राजपत्रातील टीप पाहून दोन मिनिटांत दाखवून दिली. तेव्हापासून संकलित प्रत मी केवळ शोधण्यासाठी वापरतो. उद्धृत करण्यासाठी राजपत्रच उघडतो.

राजपत्रालाही एक मर्यादा आहे. न्यायालयाने रद्द केलेला भाग जुन्या अंकातून पुसला जात नाही. २८ मार्च २०२० चा अंक आज उघडला तरी साध्या मातीची ६ वी बाब तेथे जशीच्या तशी छापलेली दिसते. म्हणून टीपेची साखळी पूर्ण झाल्यावर अधिसूचनेचा एस.ओ. क्रमांक आणि तारीख घेऊन सर्वोच्च न्यायालय, संबंधित उच्च न्यायालय आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण यांच्या निर्णयांत शोध घ्यावा, आणि काही सापडल्यास निर्णयाची तारीख त्या बाबीच्या समासात लिहून ठेवावी.